जांगड मालाचा हिशोब: दुकानातले नग मोजण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत

घरी शिवलेल्या, केलेल्या वस्तू दुकानात जांगड, म्हणजे 'विकल्या तर पैसे' या बोलीवर ठेवणाऱ्या बहुतेक जणी हिशोबाच्या दिवशी पहिला प्रश्न विचारतात, "दादा, किती विकले?" तिथेच हिशोब बिघडतो. दुकानदार लबाड असतो म्हणून नाही. त्याच्याकडे चाळीस जणींचा माल असतो आणि आपले नग किती गेले हे त्याला खरंच आठवत नसतं. तो अंदाजाने आकडा सांगतो, आपण मान डोलावतो, आणि पुढच्या खेपेला शिल्लक जुळत नाही.

जांगडीत विक्री विचारायची नसते, मोजून काढायची असते. किती दिले हे आपल्या चलनावर असतं, किती उरले ते फळीवर दिसतं. दोन्हींतला फरक म्हणजे दुकानातून गेलेला माल. दुकानदाराची बिलं त्यानंतर बघायची, ताळा करायला.

खाली मी माझ्या कापडी कामाचा एका दिवाळी हंगामाचा हिशोब घेतला आहे. वस्तू तीनच आहेत: बटवा, झोळा आणि बाळाचं दुपटं. दुकान नाशिकचं, काळ १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. आकडे शेवटपर्यंत हेच राहतील, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते सापडेल.

## १. माल देतानाच हिशोबाची सोय करा

हिशोबाचे निम्मे वाद माल देताना न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. म्हणून दोन कागद आधीपासून हवेत. पहिला, अटींचा एक पानी कागद. तो एकदाच करायचा, दोघांनी सही करायची. दुसरा, प्रत्येक खेपेचं चलन.

अटींच्या कागदात सगळ्यात महत्त्वाची ओळ दराची. 'दुकानाचं कमिशन ३० टक्के' असं लिहू नका. प्रत्येक वस्तूपुढे आपल्या हातात किती रुपये पडणार ते लिहा. माझ्या बटव्याची छापील किंमत ३५० रुपये, माझा दर २४५. झोळा ४५०, माझा दर ३१५. दुपटं १,२००, माझा दर ८४०. टक्केवारीने काढलं तरी आकडे हेच येतात, पण फरक कळतो तो दुकानाने सूट दिली की.

त्या दिवाळीत दुकानाने मला न विचारता दोन दुपटी २० टक्के सवलतीत, ९६० रुपयांना विकली. करार टक्क्यांचा असता तर मला ९६० चे ७० टक्के म्हणजे ६७२ मिळाले असते. एका दुपट्यामागे १६८ रुपये गेले असते, दोन्हींचे मिळून ३३६. दर ठरलेला होता, म्हणून सूट त्यांच्या वाट्यातून गेली आणि वादाला जागाच उरली नाही. हाच फायदा जीएसटीच्या बाबतीत होतो. दुकान नोंदणीकृत असेल तर छापील किमतीत कर धरलेला असतो, आणि कमिशन करासकट किमतीवर की कर वजा जाता, हा प्रश्न कधीतरी निघतोच. ठरलेल्या दरात तो निघत नाही.

याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. हरवलेला नग कोणाच्या खात्यावर, खराब झालेल्या नगाचं काय, आणि हिशोब किती महिन्यांनी. माझ्या कागदात आहे: हरवला तर पूर्ण दर दुकान देणार, दुकानात खराब झाला तर अर्धा दर, आणि हिशोब दर तीन महिन्यांनी. दर्शनी भागात टांगलेला नमुना मात्र मी फुकट परत घेते. उन्हाने त्याचा रंग उडणारच.

काही दुकानदार 'शेकडा दोन नग हरवले तर धरायचे नाहीत' अशी सवलत मागतात. द्यायची तर सुरुवातीलाच, कागदावर. हिशोबाच्या टेबलावर दिली तर ती दर वेळी द्यावी लागते.

आता चलन. दोन प्रती, एकीवर दुकानाच्या माणसाची सही आणि तारीख. जीएसटी नोंदणी असलेल्यांना तीन प्रती कराव्या लागतात. चलनावर नुसतं 'बटवे २४' लिहू नका. वस्तूचा कोड, नग, माझा दर आणि छापील किंमत असे चार रकाने करा. खाली एक ओळ: 'विक्री किंवा परत या अटीवर. न विकलेला माल अमुक तारखेपर्यंत परत द्यावा.'

ही तारीख शोभेची नाही. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या २४ व्या कलमात 'विक्री किंवा परत' अशा मालाचा नियम आहे. परतीची मुदत ठरलेली असेल आणि घेणाऱ्याने नकार न कळवता त्यापुढे माल ठेवून घेतला, तर तो माल त्याने विकत घेतला असं धरलं जातं. मुदत लिहिलेली नसेल तर 'वाजवी काळ' बघितला जातो, आणि वाजवी म्हणजे किती यावर भांडत बसावं लागतं. दुकान दोन वर्षांनी धुळीने माखलेले नग परत करू लागलं तर ही एक ओळ कामाला येते.

*सावध:* तुमची जीएसटी नोंदणी असेल तर माल बाहेर पडल्यापासून सहा महिन्यांत विकला गेला नाही, तरी सहा महिने भरतील त्या दिवशी बिल करावं लागतं. आधी विकला गेला तर तेव्हाच. म्हणून नोंदणीकृत असाल तर हिशोबाचा काळ सहा महिन्यांच्या आत ठेवा. दुकान तुमच्या वतीने विकतं की स्वतःच्या नावाने बिल फाडतं, यावरही कराचे नियम बदलतात. तेवढं एकदा आपल्या सीएला विचारून घ्या.

*तपासा:* प्रत्येक नगावर तुमचा कोड आहे का? दोऱ्याने बांधलेला टॅग गळून पडतो, किंवा दुकानाचं किमतीचं लेबल त्यावरच चिकटवलं जातं. मी अस्तराच्या शिवणीत बोटभर पट्टी शिवून टाकते. तिच्यावर कोड आणि खेपेचा क्रमांक असतो.

## २. हिशोबाचा दिवस आणि रेघ ठरवा

'महिनाअखेरीस हिशोब' म्हणणं पुरेसं नाही. मोजणी चालू असताना गिऱ्हाईक येतं, एक बटवा विकला जातो. तो या हिशोबात की पुढच्या? म्हणून रेघ ओढायची असते. दुकान उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास मागून घ्या, किंवा रात्री बंद करताना जा. त्या क्षणी शेवटचा बिल क्रमांक किती, तो लिहून घ्या. त्या क्रमांकापर्यंतचं या हिशोबात, पुढचं पुढच्यात.

हिशोबाआधीचे चार दिवस नवा माल देऊ नका. मी एकदा मोजणीच्या दिवशीच नवी पेटी घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने ती उघडून फळीवर लावून टाकली, आणि जुने कुठले, नवे कुठले हे वेगळं करण्यात दुपार गेली. नवा माल हिशोबपत्रकावर सही झाल्यावर, नव्या चलनाने.

आठवडाभर आधी एक निरोप पाठवा: कुठल्या तारखेला येणार, कुठल्या काळाचा हिशोब, आणि आतापर्यंतच्या चलनांचे फोटो. म्हणजे मोजणीच्या दिवशी 'हे चलन आमच्याकडे आलंच नाही' हे ऐकावं लागत नाही.

*तपासा:* घरून निघण्याआधी मागच्या हिशोबाची शिल्लक आणि या काळातली सगळी चलनं एका कागदावर मांडा. माझं असं होतं. १ सप्टेंबरला दुकानात १८ बटवे, १२ झोळे, ४ दुपटी. ८ सप्टेंबरच्या २७ क्रमांकाच्या चलनाने २४ बटवे, १२ झोळे, ४ दुपटी दिली. ४ ऑक्टोबरच्या ३१ क्रमांकाच्या चलनाने १६ बटवे, ८ झोळे, ४ दुपटी. म्हणजे दुकानाने जबाब द्यायचे एकूण नग: ५८ बटवे, ३२ झोळे, १२ दुपटी.

## ३. नग मोजा, दुकानातल्या माणसासोबत

मोजणी एकटीने करू नका, आणि 'मी मोजून ठेवलेत, ताई' हेही मान्य करू नका. दोघांनी मिळून मोजायचं, एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. फळीवरचे झाले की विचारायच्या जागा पाच: दर्शनी काच, गल्ल्याजवळचा हूक, माळा किंवा मागची खोली, दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले, आणि गिऱ्हाइकाने 'ठेवून द्या, उद्या नेते' म्हटलेले. शेवटच्या जागेत हमखास एखादा नग सापडतो.

आमचे बटवे फळीवर १३ भरले. दुकानदार म्हणाले, "एवढेच." मी मान वर केली तर गल्ल्याच्या वर, गणपतीच्या फोटोशेजारी, माझाच एक मरून बटवा लटकत होता. दिवाळीआधी सजावटीला टांगला आणि विसरले. तो धरून १४. झोळे ९, दुपटी ७.

मोजताना प्रत्येक नग उघडून बघा आणि तीन ढीग करा: चांगले, डाग पडलेले किंवा उसवलेले, आणि टांगून रंग उतरलेले. १४ पैकी दोन बटव्यांच्या तळाला पाण्याची पिवळी कडा उमटली होती. परतीच्या पावसात खिडकीतून पाणी आलं होतं आणि ती फळी खिडकीखालीच होती. डाग कशाचा, हे तिथल्या तिथे दोघांनी बघून लिहिलं. घरी नेऊन फोटो पाठवला असता तर 'आमच्याकडे चांगला होता' हे उत्तर ठरलेलं.

*सावध:* मोजणीचा कागद सही झाल्याशिवाय दुकानातून हलवू नका. पैशांचा विषय याच्यानंतर. आधी नगांवर एकमत, मग रुपये.

## ४. आता बिलांशी ताळा करा

मोजणीतून कळलं की दुकानातून गेलेले बटवे ५८ वजा १४, म्हणजे ४४. झोळे ३२ वजा ९, म्हणजे २३. दुपटी १२ वजा ७, म्हणजे ५. आता दुकानाच्या विक्रीची यादी मागा. बिलिंगच्या संगणकावरून आपल्या कोडची यादी दोन मिनिटांत निघते. बिलबुकं असतील तर वेळ लागतो, पण बघाच.

दुपट्यांची बिलं पाच, मोजणीशी जुळली. झोळ्यांची बिलं मात्र २४ निघाली आणि गेलेले झोळे २३. एक बिल जास्त कसं? एका बाईंनी पट्टा तोकडा म्हणून झोळा परत केला होता, बदल्यात दुसरीकडचा कुर्ता नेला. झोळा फळीवर परत आला होता, पण बिल तसंच होतं. परतीची नोंद सापडली आणि आकडा २३ वर बसला. असा गिऱ्हाइकाने परत केलेला नग या हिशोबातच उलटा करून घ्या. हिशोब चुकता झाल्यावर परत आला तर पुढच्या हिशोबात 'विक्री परत' म्हणून वजा करायचा. जुनं पत्रक खोडायचं नाही.

खरा घोळ बटव्यांत होता. यादीत विक्री दिसली ३९, मोजणीने गेले ४४. पाच बटव्यांचा पत्ता नाही. दुकानदारांचा चेहरा उतरला आणि मीही जरा गप्प झाले. मग त्यांच्या मुलाने एक गोष्ट केली, जी मी आता प्रत्येक दुकानात करायला सांगते. आणखी एका बाईंचे बटवे त्याच दुकानात असतात, त्यांची किंमत २८०. मुलाने त्यांच्या कोडखाली ३५० रुपयांनी लागलेली बिलं शोधली. तीन निघाली. घाईत नुसतं 'बटवा' टाइप केलं की यादीत वरचं नाव निवडलं जातं, तसंच झालं होतं. विक्री ३९ ची ४२ झाली, आणि खरोखर हरवलेले राहिले दोन.

त्या तीन बटव्यांचे पैसे त्या बाईंच्या हिशोबात गेले असते, हे वेगळं.

फरक निघाला की लगेच 'चोरी' हा शब्द काढू नका. आधी या क्रमाने बघा: मोजायची राहिलेली जागा, दुसऱ्याच्या कोडखालचं बिल, न नोंदलेली परत, आणि आपल्याच चलनातली चूक. शेवटचीही शक्यता असते. २४ लिहून पेटीत २३ भरल्याचं माझ्याकडून एकदा झालं आहे. म्हणून आता दुकानात पेटी उघडून, मोजून घेऊनच चलनावर सही घेते.

एवढं करूनही जो फरक उरतो तो हरवलेला माल, आणि तो अटींप्रमाणे लावायचा. आमच्या कागदाप्रमाणे दोन बटव्यांचा पूर्ण दर दुकानाने दिला.

*तपासा:* पहिल्याच दिवशी दुकानाच्या बिलिंगमध्ये आपल्या वस्तूचं नाव वेगळं लावून घ्या. नुसतं 'बटवा' नको, सोबत तुमच्या नावाची आद्याक्षरं हवीत.

## ५. परतीचा माल: काय घ्यायचं, काय ठेवायचं

उरलेलं सगळं परत उचलणं ही एक चूक, आणि काहीच न उचलणं ही दुसरी. पडून राहिलेला माल दुकानात असेपर्यंत पैसा अडकतो, शिवाय जुना नग फळी अडवतो आणि नव्याला जागा मिळत नाही.

मी असं ठरवते. खराब आणि टांगलेले नग परत. लागोपाठ दोन हिशोबांत जो रंग किंवा ठसा हललेला नाही, तो परत, कारण तो दुसऱ्या गावात चालू शकतो. हंगामी माल हंगाम संपताच परत. बाकी, पुढच्या तीन महिन्यांत विकेल तेवढाच ठेवायचा. बटव्यांची चलती दिवाळीत असते, डिसेंबरनंतर महिन्याला दोन-तीनच जातात. म्हणून १४ पैकी सहा परत घेतले: दोन डागाळलेले, एक टांगलेला, आणि तीन जुन्या निळ्या ठशाचे. आठ ठेवले. नऊपैकी चार झोळे उचलले, सात दुपट्यांपैकी चार.

परतीची पावती चलनाइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेक जणी ती करतच नाहीत. पिशवीत भरतात, 'येते दादा' म्हणतात आणि निघतात. तीन महिन्यांनी दुकान म्हणतं चार झोळे परत नेले, आपण म्हणतो तीन. पावतीवर कोड, नग, प्रत्येक नगाची अवस्था आणि कुठल्या चलनातला माल, एवढं लिहा. इथे सही तुमची असते, कारण माल तुम्ही ताब्यात घेता. एक प्रत दुकानाला, एक तुमच्याकडे.

*सावध:* परतीचे नग आणि नवे नग यांची अदलाबदल तोंडी करू नका. 'हे चार न्या आणि त्याच्या बदल्यात चार नवे द्या' हे सोयीचं वाटतं, पण कागदावर ती एक परत आणि एक नवी खेप आहे. दोन वेगळे कागद करा.

*सावध:* खायच्या वस्तू देणाऱ्यांनी परतीच्या बाबतीत जास्त कडक राहावं. मेतकूट, भाजणी, चटणी यांची वापरण्याची मुदत संपण्याच्या निदान महिनाभर आधी मोजणी व्हायला हवी. मुदत संपलेला माल परत घेतला तर तो दुसऱ्या दुकानात जाणार नाही याची काळजी घ्या. पाकीट तिथेच फोडून टाकलेलं बरं.

## ६. हिशोबपत्रक: आधी नग, मग रुपये

चांगलं हिशोबपत्रक तिसऱ्या माणसाने वाचलं तरी कळावं. दुकानदारांची सून गल्ल्यावर बसलेली असेल आणि तिला काही माहीत नसेल, तरी तिला समजलं पाहिजे. त्यासाठी एका पानावर दोन भाग करा. वर नगांचा भाग, खाली रुपयांचा. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की कुणालाच मेळ लागत नाही.

आमच्या पत्रकाचा वरचा भाग असा होता:

| | बटवा | झोळा | दुपटं |
|---|---|---|---|
| १ सप्टेंबरची शिल्लक | १८ | १२ | ४ |
| दिलेला माल (चलन २७ आणि ३१) | ४० | २० | ८ |
| एकूण | ५८ | ३२ | १२ |
| ३० नोव्हेंबरला मोजलेले | १४ | ९ | ७ |
| दुकानातून गेलेले | ४४ | २३ | ५ |
| पैकी बिलाप्रमाणे विक्री | ४२ | २३ | ५ |
| पैकी हरवलेले | २ | ० | ० |
| परत घेतलेले | ६ | ४ | ४ |
| दुकानात पुढे ठेवलेले | ८ | ५ | ३ |

ताळा सोपा आहे. विक्री, हरवलेले, परत घेतलेले आणि पुढे ठेवलेले यांची बेरीज 'एकूण'इतकी यायला हवी. बटव्यांचं ४२, २, ६ आणि ८ मिळून ५८. झोळ्यांचं २३, ४ आणि ५ मिळून ३२. दुपट्यांचं ५, ४ आणि ३ मिळून १२. एक जरी रकाना जुळला नाही, तर खालच्या भागाकडे जायचंच नाही.

खालचा भाग:

| | रुपये |
|---|---|
| बटवे ४४ (हरवलेले २ धरून) × २४५ | १०,७८० |
| झोळे २३ × ३१५ | ७,२४५ |
| दुपटी ५ × ८४० | ४,२०० |
| डागाळलेले बटवे २, अर्ध्या दराने | २४५ |
| एकूण येणे | २२,४७० |
| वजा: १५ ऑक्टोबरची उचल | ८,००० |
| बाकी येणे | १४,४७० |

उचल, म्हणजे मधेच घेतलेली रक्कम, इथे तारखेसकट लिहायची. दिवाळीच्या कापडासाठी मी ऑक्टोबरात आठ हजार घेतले होते. अशा रकमा 'अॅडव्हान्स' म्हणून दोघांच्याही डोक्यात राहतात आणि कागदावर येत नाहीत. मग एकतर दोनदा वजा होतात किंवा एकदाही नाही. दुकानातून सामान घेतलं असेल, एखादी साडी नेली असेल, तर तेही इथेच वेगळ्या ओळीत लिहा. बरं तर हे की तसं घेऊच नये. घेतलेल्या वस्तूची किंमत किती धरायची यावर निष्कारण घासाघीस होते.

पत्रकाच्या तळाशी दोन ओळी हव्यात. एक: 'दुकानात पुढे ठेवलेल्या मालाची किंमत माझ्या दराने ६,०५५ रुपये.' आठ बटव्यांचे १,९६०, पाच झोळ्यांचे १,५७५ आणि तीन दुपट्यांचे २,५२० मिळून हा आकडा येतो. दुकानाकडे आपलं किती अडकलं आहे, हे त्यांनाही दिसतं आणि आपल्यालाही. दुसरी: 'बाकी रक्कम अमुक तारखेपर्यंत खात्यात.' आमची तारीख १० डिसेंबर होती.

*सावध:* वरचे रुपये सोडून रक्कम गोल करू नका. 'चौदा हजार देतो, ताई, वरचे राहू द्या' हे फार प्रेमाने म्हटलं जातं. सोडायचेच असतील तर ४७० रुपयांची 'सूट' अशी ओळ पत्रकात लिहा आणि बाकी शून्य करा. न लिहिता सोडले तर पुढच्या हिशोबात तुमच्या वहीत ४७० येणे दिसतात, त्यांच्या वहीत काहीच नाही.

## ७. सही आणि पैसे

पत्रकाच्या दोन प्रती, प्रत्येकीवर दोघांच्या सह्या. सही करायला कोणी तयार नसेल तर निदान पत्रकाचा फोटो पाठवून 'हिशोब बरोबर आहे का, कळवा' असं विचारा आणि 'हो' असं लेखी उत्तर घ्या. नुसता अंगठा दाखवलेला चालेल का, असं मला विचारतात. मी चालवून घेत नाही, 'बरोबर आहे' असं शब्दांत लिहून मागते.

दुकानाला बिल हवं असेल तर पत्रक जुळल्यावर त्यावरून बिल करा. बिलात विकलेले आणि हरवलेले नग येतात. डागाळलेल्या मालाची भरपाई त्यात मिसळू नका, तिची वेगळी नोंद करा. पैसे शक्यतो बँकेत किंवा यूपीआयने घ्या, आणि शेऱ्यात हिशोबाचा काळ लिहायला सांगा. रोख घेतले तर पावती फाडा.

१० डिसेंबरला पैसे आले नाहीत. ११ ला मी फोन केला. दादा म्हणाले, "अहो ताई, हिशोब काय पळून जातो का?" मी म्हटलं, "हिशोब नाही पळत, दादा, पण कापडवाल्याचं बिल १५ ला आहे." १३ ला पैसे आले. उशीर झाला तर मी दोनच गोष्टी करते. पैसे येईपर्यंत नवा माल देत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात दुकानात ठेवलेला माल परतीच्या पावतीने उचलून आणते. नव्या मालाची पेटी हातात घेऊन जुने पैसे मागायला गेलात, तर पेटी राहते आणि पैसे पुढच्या वेळेवर जातात.

*सावध:* 'नवा माल द्या, मग जुने देतो' हे एकदा मान्य केलं की तुमची जांगड उधारीची झाली.

## ८. पुढच्या काळाचं पान तिथेच उघडा

सह्या झाल्या की वहीत नवं पान काढून पहिली ओळ लिहायची: '१ डिसेंबरची शिल्लक, बटवे ८, झोळे ५, दुपटी ३.' हे आकडे घरी जाऊन आठवून लिहायचे नाहीत. पत्रकाच्या शेवटच्या ओळीवरून जसेच्या तसे उतरवायचे, आणि दुकानाच्या वहीतही तेच लिहिलेले बघायचे. पुढच्या हिशोबातली भांडणं बहुतेक या एका ओळीवरून होतात, कारण एकाच्या वहीत आठ असतात आणि दुसऱ्याच्या वहीत परत घेतलेले धरून चौदा.

शेवटी फळीवर जाऊन हे सोळा नग पुन्हा एकदा मोजा. परतीच्या पिशवीत चुकून एखादा जास्त गेलेला असतो. माझ्या पिशवीत त्या दिवशी पाचवा झोळा निघाला, तो परत फळीवर ठेवला आणि मगच बस पकडली.